काजूच्या कंटेनरची तक्रार: काकांसाठी मराठी, बायरसाठी इंग्रजी

प्रश्न: आमचा डिचोलीला काजूचा कारखाना. रॉटरडॅमच्या बायरची ई-मेल आलीय: माल वेळेवर पाठवला नाहीत, कळवलंही नाहीत, ५ टक्के सूट द्या, ७ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर सगळे हक्क राखून पुढची पावलं उचलू. करार सीआयएफ रॉटरडॅम, शिपमेंटची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. बीएलवर २८ ऑगस्ट. कोलंबोला कंटेनर १६ दिवस पडून राहिला. काकांना इंग्रजी येत नाही. मराठीत कसं सांगू आणि उत्तर काय लिहू?

उत्तर:

भाषांतराला बसण्याआधी बीएलची, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची प्रत हातात घ्या आणि २८ ऑगस्ट ही नेमकी कसली तारीख आहे ते पाहा. 'शिप्ड ऑन बोर्ड' असा शिक्का किंवा छापील मजकूर असेल, तर माल त्या दिवशी जहाजावर चढला. नुसतं 'रिसीव्ड फॉर शिपमेंट' असेल, तर तो फक्त लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या ताब्यात गेला होता. मग जहाजावर चढल्याची तारीख वेगळी शोधावी लागेल. ट्रक डिचोलीतून न्हावा शेवाला निघाला ती तारीख इथे उपयोगाची नाही.

ऑन बोर्ड तारीख २८च असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरता, पण माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की तुमची डिलिव्हरी पूर्ण होते आणि जोखीम बायरकडे जाते. रॉटरडॅमला कधी पोचेल याची हमी त्यात नसते. मात्र करारात पोचण्याची तारीख वेगळी लिहिलेली असेल, किंवा अट डीएपी, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी माल पोचवून देण्याची असेल, तर पुढचं काही लागू होत नाही. म्हणून करार पुन्हा एकदा पूर्ण वाचा.

काकांसाठी भाषांतर करताना काही सौम्य करू नका. निर्णय ते घेणार आहेत, त्यामुळे धमकीचं वाक्यही जसंच्या तसं पोचायला हवं. मी असं लिहीन: "तुम्ही माल वेळेवर पाठवला नाही आणि उशिराची कल्पनाही दिली नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यासाठी ते बिलात ५ टक्के सूट मागतात. ७ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढची कारवाई करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे." खाली वेगळ्या परिच्छेदात तुमची टीप द्या: पाठवायला उशीर झालेला नाही, पोचायला झाला. त्यांचं म्हणणं आणि तुमचं मत एकाच वाक्यात मिसळलं, तर काकांना बायर नेमकं काय म्हणतो ते कळणार नाही.

आता उत्तर. माझ्या मते तक्रारीचा एक भाग चुकीचा आहे, पण दुसरा खरा आहे. कोलंबोला कंटेनर अडकल्याचं तुम्हाला कळलं असूनही तुम्ही कळवलं नसेल, तर ते मोकळेपणाने मान्य करा. मान्य करण्यासारखं तेवढंच मान्य केलंत, की सूट नाकारतानाचा शब्द वजनदार वाटतो.

सुरुवात त्यांच्या अडचणीपासून करा: "वी अंडरस्टँड द डिफिकल्टी दिस हॅज कॉज्ड यू." लगेच वस्तुस्थिती: "द गुड्स वेअर शिप्ड ऑन बोर्ड ऑन २८ ऑगस्ट, विदिन द कॉन्ट्रॅक्ट शिपमेंट पीरियड." मग कारण: "द डिले ॲट कोलंबो अरोज विथ द कॅरिअर, आफ्टर रिस्क हॅड पास्ड टु यू." त्यानंतर नकार, एकाच वाक्यात: "वी आर देअरफोर अनेबल टु अग्री टु द डिस्काउंट." इथे 'अनफॉर्च्युनेटली', 'ॲट धिस स्टेज' असलं काही घालू नका, त्यातून घासाघीस चालू शकते असा अर्थ निघतो. शेवटी खरी चूक: "वी शुड हॅव इन्फॉर्म्ड यू सूनर, अँड वी रिग्रेट दिस." पुढच्या प्रत्येक कंटेनरची स्थिती दर आठवड्याला कळवू, असं आश्वासन त्याखाली द्या, पण पाळणार असाल तरच.

'वी अपोलोजाइझ फॉर अवर लेट शिपमेंट' हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. नम्रपणे लिहिलं तरी वाद वाढल्यावर ती लेखी कबुली म्हणून तुमच्यासमोर ठेवली जाईल. तसंच "विमा भरून देईल" असंही लिहू नका. कार्गो विम्याच्या नेहमीच्या कलमांत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं.

"लाइन तुम्हीच निवडली" असं बायर उलट म्हणेल. ती नेहमीच्या मार्गाने जाणारी असेल, तर तुमचं काम तिथे झालं. लाइनकडे दावा करायला मूळ बीएल आता बायरकडे आहे; लागतील ती कागदपत्रं देऊ, असं जरूर लिहा. हे सौजन्य बिनखर्चाचं आहे आणि चांगल्या बायरला ते कळतं.

कोलंबोच्या उशिराबद्दल लाइनकडून लेखी पत्र आजच मागवा. ते यायला वेळ लागला तरी ७ दिवस वाट पाहू नका: ई-मेल मिळाली, सविस्तर उत्तर अमुक तारखेला देतो, एवढी दोन ओळींची पोच आजच पाठवा. मुख्य उत्तरासोबत बीएलची प्रत आणि ते पत्र जोडा. रक्कम मोठी असेल, तर पाठवण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा.