जुने मेसेज कापताना: स्लायडिंग विंडो की सारांश?

प्रश्न: आमच्या द्राक्षसल्ल्याच्या चॅट ॲपमध्ये बोलणं लांबलं की टोकन वाढतात आणि बिलही वाढतं. जुने मेसेज कापायला स्लायडिंग विंडो बरी की जुन्या मेसेजचा सारांश? उदाहरणासकट सांगा. मी नाशिकला असतो, ॲप दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी वापरतात.

उत्तर:

तुमच्या ॲपपुरतं सांगायचं तर बोलण्यासाठी विंडो ठेवा, विंडोबाहेर गेलेल्या भागाचा सारांश ठेवा, आणि छाटणीची तारीख या दोन्हींच्या भरवशावर सोडू नका. मीही नाशिकमध्येच शेतीसल्ल्याच्या ॲपवर काम करतो, त्यामुळे तुमच्या शेतकऱ्यांचे प्रश्न कसे येतात याची मला कल्पना आहे.

आधी खर्चाचं बघू, कारण बहुतेक जण तिथूनच चुकीच्या दिशेला जातात. मॉडेलच्या एपीआयला आधीचं काही आठवत नाही असं धरा. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर मागचं सगळं बोलणं पुन्हा पाठवावं लागतं. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून ५०० टोकन धरले आणि असे ४० फेरे झाले, तर काहीच न कापता तुम्ही एकूण सुमारे ४,१०,००० टोकन पाठवता. फक्त शेवटचे ८ फेरे पाठवायचे ठरवलं तर तोच आकडा १,४६,००० च्या आसपास येतो.

आता सारांशाचा हिशेब. ८ फेरे साठले की जुन्या ४ फेऱ्यांचा सारांश करायचा, उरलेले ४ जसेच्या तसे ठेवायचे आणि सारांशाला एकूण ५०० टोकनांची जागा द्यायची. सारांश करून घेण्याचा वेगळा खर्च धरूनही बेरीज १,५८,००० च्या आसपास जाते, वर सारांश लिहिण्याचे आउटपुट टोकन साधारण ४,०००. म्हणजे दोन्हींत फार फरक पडत नाही. तुमच्या फेऱ्यांचा आकार वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण ‘सारांश महाग पडतो’ एवढ्यावरून निर्णय घेऊ नका. काय हरवलं तर चालेल आणि काय हरवलं तर शेतकऱ्याचं नुकसान होईल, यावरून घ्या.

एक खरं वाटेल असं संभाषण घेऊ. शेतकरी सुरुवातीलाच सांगतो: “वरचा प्लॉट थॉमसन, गोडी छाटणी १२ ऑक्टोबर. विहिरीकडचा सोनाका, छाटणी २६ सप्टेंबर. वरचा माल निर्यातीला द्यायचाय.” मग पाण्याचं, पानगळीचं, मजुरांचं बोलणं होतं. मधे कुठेतरी तो म्हणतो: “भुरीसाठी सल्फर आणून ठेवलंय, अजून मारलं नाही.” आणि १८ नोव्हेंबरला, बऱ्याच फेऱ्यांनंतर विचारतो: “वरच्या प्लॉटला आता काय फवारू?”

नुसत्या विंडोत इथे काय होतं? पहिला मेसेज केव्हाच बाहेर गेलेला असतो. द्राक्षबागेत सगळा हिशेब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो हे तुम्हाला सांगायला नको. १८ नोव्हेंबरला वरचा प्लॉट ३७ व्या दिवसावर, फुलोऱ्याच्या आसपास आहे, आणि विहिरीकडचा ५३ व्या दिवसावर. मॉडेलकडे तारीखच नसेल तर ते एकतर पुन्हा विचारेल, किंवा ‘आता’ म्हणजे काय ते स्वतःच गृहीत धरून उत्तर देईल. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण उत्तर वाचताना त्यात काही कमी आहे असं वाटत नाही. माल निर्यातीचा आहे हेही गेलेलं असतं, आणि निर्यातीच्या बागेत काढणीपूर्वी किती दिवस आधी कोणतं औषध थांबवायचं याची बंधनं अवशेष-मर्यादेमुळे कडक असतात.

विंडोची जमेची बाजू अशी की ती जे ठेवते ते अक्षरशः ठेवते. शेवटच्या आठ फेऱ्यांत शेतकऱ्याने जे शब्द वापरले तेच मॉडेलपुढे असतात, आणि बिघाड झाला तर कारण लगेच सापडतं: मेसेज विंडोत होता की नव्हता, एवढंच बघायचं.

नुसत्या सारांशात बिघाड वेगळ्या जागी होतो. सारांशात “शेतकऱ्याने भुरीसाठी सल्फर वापरले” असं येऊ शकतं. ‘आणून ठेवलंय, मारलं नाही’ यातला नकार गळून पडला आणि पुढचा सगळा सल्ला, सल्फर मारून झालंय असं धरून येतो. याच जातीच्या चुका दोन प्लॉटच्या तारखांत होतात. दोन तारखा एका वाक्यात आल्या की कोणती कुठल्या प्लॉटची ते उलटंपालटं होतं. शेतकऱ्याने नंतर “नाही हो, बारा नाही, पंधरा ऑक्टोबर” अशी दुरुस्ती केली असेल, तर सारांशात जुनी तारीखच राहते किंवा दोन्ही राहतात. विंडोत गाळलेली गोष्ट निदान नसते. सारांशात ती चुकीच्या रूपात, पण ठाम वाक्यात असते.

त्यात सारांशाचाच पुन्हा सारांश करत गेलात तर चूक पक्की होत जाते. बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी असते की जुना सारांश आणि नवे मेसेज एकत्र देऊन नवा सारांश घ्यायचा. पहिल्या फेरीत सल्फरचा नकार गळला की पुढे तो परत यायला काही मार्गच नाही, कारण मूळ मेसेज पुन्हा कोणी वाचत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याचा सारांश मूळ मेसेजवरून एकदाच करा आणि ते तुकडे एकाखाली एक ठेवा. तुकडे फार झाले तर पुन्हा मूळ मेसेजकडे जाऊन मोठ्या तुकड्याचा सारांश घ्या. यासाठी डेटाबेसमधले मेसेज कधीही पुसायचे नाहीत. कापायचं ते फक्त मॉडेलला पाठवताना.

आता तुमच्यासाठी रचना. प्लॉटचं नाव, वाण, छाटणीची तारीख, निर्यात की स्थानिक बाजार, एवढ्या चार गोष्टी संभाषणातून बाहेर काढून साध्या तक्त्यात ठेवा आणि प्रत्येक वेळी सिस्टिम मेसेजच्या लगेच नंतर पाठवा. शेतकऱ्याने दुरुस्ती केली की तक्त्यातली जुनी किंमत बदलायची, नवी शेजारी जोडायची नाही. बदल करण्यापूर्वी ॲपमध्ये “वरचा प्लॉट, छाटणी १५ ऑक्टोबर, बरोबर?” असं एक बटण दाखवलंत तर फारच उत्तम. आणि ३७ वा दिवस की ५३ वा, हे वजाबाकी करून तुमच्या कोडने द्यायचं, मॉडेलकडून मोजून घ्यायचं नाही.

विंडो मेसेजच्या संख्येवर नको, टोकनांवर हवी. “बरं” हाही एक मेसेज आणि औषधांची लांबलचक यादी हाही एकच. शिवाय मराठी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, किती ते त्या मॉडेलच्या टोकनायझरवर ठरतं. तेव्हा अक्षरं मोजून अंदाज बांधू नका, त्याच मॉडेलच्या मोजणीने मोजा.

```python
def trim(turns, budget):
    kept, used = [], 0
    for t in reversed(turns):
        n = count_tokens(t)
        if kept and used + n > budget:
            break
        kept.append(t)
        used += n
    return kept[::-1]
```

इथे `turns` मधला प्रत्येक घटक म्हणजे पूर्ण फेरा: शेतकऱ्याचा प्रश्न, मधे हवामानासाठी टूल बोलावलं असेल तर ती मागणी आणि तिचं उत्तर, आणि शेवटचं उत्तर. सुटे मेसेज कापत गेलात तर कधीतरी टूलची मागणी कापली जाते आणि तिचं उत्तर मागे राहतं. अशी अर्धवट जोडी अनेक एपीआय सरळ नाकारतात. हा दोष छोट्या संभाषणांत दिसतच नाही, लांबल्यावर अचानक एरर यायला लागतात. `if kept` मुळे शेवटचा फेरा कितीही मोठा असला तरी जातो. तो एकटाच मर्यादेबाहेरचा असेल तर तो प्रश्न वेगळा हाताळावा लागेल.

प्रत्येक फेऱ्याला एक-एक फेरा कापू नका. अनेक सेवांमध्ये सुरुवातीपासून जेवढा मजकूर मागच्या वेळेसारखाच असेल तेवढा कॅशमधून स्वस्तात मिळतो. विंडो दर वेळी एका घराने सरकली की सिस्टिम मेसेजनंतरचं सगळं बदलतं आणि कॅशचा फायदा जातो. मर्यादा भरली की एकदम चार फेरे कापा, मग पुढची काही उत्तरं सुरुवात स्थिर राहते.

सारांशाला सूचना देताना “थोडक्यात लिहा” एवढं पुरत नाही. तीन वेगळे मथळे द्या: केलेलं काम, करायचं ठरलेलं काम, आणि नुसतं विचारलेलं. तारखा, मात्रा आणि औषधांची नावं मूळ मेसेजमधून जशीच्या तशी उचलायला सांगा. जे बोललंच गेलं नाही ते जोडू नये हेही स्पष्ट लिहा. सल्फरचं उदाहरण या मांडणीत बहुतेक वेळा योग्य मथळ्याखाली जातं, पण नेहमीच जाईल असं समजू नका.

सारांश शेतकऱ्याला उत्तर पाठवून झाल्यावर मागे चालू द्या, नाहीतर त्याला मोबाईलकडे बघत थांबावं लागेल. यात एक बारीक भानगड आहे. सारांश तयार होत असताना तो नवा प्रश्न टाकतो. सारांश कुठल्या मेसेजपर्यंत झाला तो क्रमांक सारांशासोबत साठवा आणि विंडो त्याच्या पुढच्या मेसेजपासून सुरू करा. नाहीतर एखादा मेसेज ना सारांशात असतो, ना विंडोत.

तपासायला मोठं काही लागत नाही. तुमच्याकडची काही लांब संभाषणं घ्या, त्यातली नावं-नंबर काढून टाका आणि प्रत्येकाच्या शेवटी असा प्रश्न जोडा ज्याचं उत्तर पहिल्या काही मेसेजमध्येच आहे. वरच्या प्लॉटची छाटणी कधीची, सल्फर मारलंय का, दुरुस्तीनंतरची तारीख कोणती. तेच प्रश्न नुसत्या विंडोवर, नुसत्या सारांशावर आणि एकत्र रचनेवर चालवा. “माहीत नाही” आणि “चुकीचं सांगितलं” हे वेगळे मोजा. विंडोत पहिला आकडा जास्त दिसेल, सारांशात दुसऱ्याकडे लक्ष ठेवा. प्रत्येक वेळी मॉडेलला नेमकं काय पाठवलं ते लॉगमध्ये ठेवलंत तरच चूक कापताना झाली की सारांशात, हे कळेल.

ॲपमध्ये बाजारभावासाठी वेगळा विभाग असेल, जिथे शेतकरी फक्त पिंपळगाव किंवा लासलगावचा आजचा भाव विचारून निघून जातो, तर तिथे सारांशाच्या फंदात पडू नका. चार-पाच फेऱ्यांची साधी विंडो पुरते.