पत्र्याचे कोपरे कापून डबा: ५ घ्यायचा आणि १८ सोडायचा, ते का?

> ४५ सेमी × २४ सेमी पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून, कडा वर दुमडून उघडा डबा करायचा आहे. घनफळ जास्तीत जास्त हवं. माझी उत्तरं x = 5 आणि x = 18 आली. क्लासमध्ये '१८ सोडून द्या' एवढंच सांगितलं. का सोडायचं? आणि चौरस पत्र्याला बाजूचा सहावा भाग कापतात, मग इथे २४ चा सहावा भाग म्हणजे ४ का नाही?

तुझं गणित बरोबर आहे. कापलेल्या चौरसाची बाजू x धरली की डब्याची उंची x होते आणि तळ (45 − 2x) बाय (24 − 2x) चा उरतो.

```
V  = x(45 − 2x)(24 − 2x) = 4x³ − 138x² + 1080x
V' = 12x² − 276x + 1080 = 12(x − 5)(x − 18)
```

आता १८ चं बघू. पत्रा २४ सेमी रुंद आहे. दोन्ही बाजूंनी १८-१८ कापायचे तर ३६ सेमी लागतील, तेवढा पत्राच नाही. म्हणून पहिल्याच ओळीत, डेरिव्हेटिव्ह काढायच्या आधी, 0 < x < 12 असं लिहून ठेवायचं. बरेच जण हे शेवटी, उत्तर टाकून देताना लिहितात आणि तिथेच गोंधळ होतो. सूत्राला पत्रा दिसत नाही. त्यात x = 30 घालून बघ: दोन्ही कंस ऋण, −15 आणि −36, त्यांचा गुणाकार धन, आणि V येतं १६२००! तुझ्या खऱ्या उत्तराच्या कितीतरी पट, पण असा डबा होणारच नाही. V'' = 24x − 276 मध्ये x = 5 घातलं की −156 येतं. त्यावरून एवढंच कळतं की ५ च्या आसपास तेच सगळ्यात मोठं आहे. पूर्ण खात्री मर्यादेमुळे होते. x = 0 ला डब्याला उंची नाही, x = 12 ला तळ नाही, दोन्हीकडे घनफळ शून्य, आणि मधे V' फक्त ५ ला शून्य होतं. म्हणून कमाल घनफळ 5 × 35 × 14 = 2450 घनसेमी.

सहाव्या भागाचं उत्तर मला जास्त आवडतं, कारण त्यात V' = 0 चा अर्थ डोळ्यांना दिसतो. समज, तू काप केसभर वाढवलास. डबा केसभर उंच झाला, म्हणजे तळाएवढा एक पातळ थर मिळाला. पण चारही भिंती केसभर आत सरकल्या, म्हणजे भिंतींएवढा थर गेला. मिळालेला थर मोठा असेल तोवर काप वाढवत राहायचा, आणि दोन्ही सारखे झाले की थांबायचं. थोडक्यात,

```
V' = तळाचं क्षेत्रफळ − चारही भिंतींचं क्षेत्रफळ
```

तुझ्या डब्यावर ताडून बघ. तळ 35 × 14 = 490. भिंती 2 × (35 + 14) × 5 = 490. तंतोतंत जुळतं! परीक्षेत उत्तर तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. नाही जुळलं तर बहुतेक वेळा 2x च्या जागी x वजा केलेला असतो. कोपरा दोन्ही टोकांना कापला जातो हे विसरलेलं असतं.

चौरस पत्र्याची बाजू a असेल तर तळ (a − 2x)² आणि भिंती 4x(a − 2x). दोन्ही सारखे ठेवले की a − 2x = 4x, म्हणजे x = a/6. हा तुझा सहावा भाग. तो फक्त चौरसाचा आहे. आता रुंदी २४ च ठेव आणि लांबी वाढवत ने. पत्रा खूप लांब झाला की टोकाच्या दोन छोट्या भिंती हिशेबात नगण्य होतात. उरते ती पावसाच्या पाण्याच्या पन्हळीसारखी पट्टी. तिथे रुंदी 24 − 2x आणि दोन भिंती मिळून 2x, हे सारखे होतात x = 6 ला, म्हणजे चौथ्या भागाला. म्हणून कुठल्याही आयताकृती पत्र्याचं उत्तर छोट्या बाजूच्या सहाव्या आणि चौथ्या भागाच्या मधे पडतं. तुझ्यासाठी ४ आणि ६ च्या मधे, आणि आलं ५. तू ४ घेतलंस तर 4 × 37 × 16 = 2368 येईल, ८२ घनसेमी कमी.

खरोखर पुठ्ठा कापून बघणार असशील तर कात्री थोडी इकडेतिकडे गेली म्हणून पुठ्ठा टाकून देऊ नकोस. चारही काप सारखे मात्र ठेव, नाहीतर भिंती जुळणार नाहीत. ४.५ ला २४३० येतं आणि ५.५ ला २४३१. अर्धा सेंटिमीटर चुकूनही एक टक्क्याहून कमी फरक, कारण ५ च्या आसपास मिळणारा आणि जाणारा थर जवळजवळ सारखेच असतात.