परत आलेला माल आणि ३१ मार्चची शिल्लक

प्रश्न : सियागंजात आम्हा दोघा भावांची पाण्याच्या पंपांची भागीदारी पेढी आहे. हिशेब संगणकावर, फिफो पद्धतीने, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असे धरून. गिऱ्हाइकाने परत केलेला माल सॉफ्टवेअर चुकीच्या लॉटमध्ये धरते, त्यामुळे विकलेल्या मालाचा खर्च फुगतो, हे आत्ता लक्षात आले. २०२४-२५ चे ऑडिट होऊन रिटर्नही भरले आहे. दादा म्हणतो, पुढे आपोआप जुळेल, गप्प राहा. ही करचोरी ठरेल का? – एक भागीदार, इंदूर

उत्तर : आपल्या बंधूंचे म्हणणे हिशेबापुरते बरेचसे खरे आहे, परंतु आयकर वर्षावार आकारला जात असल्यामुळे कायद्यापुढे ते टिकणार नाही.

समजा, एका मॉडेलचे १०० पंप ४,००० रुपयांनी घेतले आणि जूनमध्ये सगळे विकले. ऑगस्टमध्ये आणखी १०० पंप ५,२०० रुपयांनी आले. आणि सप्टेंबरमध्ये जूनच्या विक्रीतले ३० पंप न वापरता परत आले. विक्री रद्द झाली की तिचा खर्चही रद्द होतो, म्हणून ते ३० पंप ४,००० रुपयांच्याच भावाने आणि जुन्या लॉटच्या जागी, म्हणजे रांगेत पुढे, यायला हवेत. नंतरच्या ५० पंपांच्या विक्रीचा खर्च मग ३० जुने आणि २० नवे मिळून २,२४,००० रुपये होतो. आपले सॉफ्टवेअर बहुधा परतीच्या तारखेने नवा लॉट उघडते. तो रांगेच्या शेवटी जातो, आणि ५० ही पंप ५,२०० रुपयांनी खर्ची पडून आकडा २,६०,००० होतो. फरक ३६,००० रुपये. हेच ३६,००० रुपये शिल्लक मालात कमी दिसतात, त्यामुळे ताळा मात्र बिनचूक जुळतो. आपल्या ऑडिटरला हे न दिसण्याचे कारणही तेच असावे. चूक ओळखायची असेल तर परतीच्या व्हाउचरवरील लॉटची तारीख मूळ बिलाच्या लॉटशी ताडून पाहा.

मागाहून ते जुने पंपही विकले गेले की फरक भरून निघतो. म्हणून वर्षभराची प्रत्येक विक्री उकरण्याची गरज नाही. वर्षाची आरंभीची शिल्लक बरोबर असेल, तर ३१ मार्च २०२५ रोजी गोदामात असलेल्या मालाचेच फिफोप्रमाणे नव्याने मूल्यांकन करावे. त्यातली वाढ हाच त्या वर्षीचा कमी दाखवलेला नफा. सर्व मॉडेल मिळून ती ३,६०,००० रुपये निघाली असे धरले, तर पेढीच्या ३० टक्के दराने आणि ४ टक्के सेसने कर १,१२,३२० रुपये होतो.

अजाणता झालेली चूक ही करचोरी नव्हे. कलम २७०अ मध्ये कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड आहे, पण स्पष्टीकरण प्रामाणिक असून सर्व माहिती उघड केली असल्यास सूटही आहे. मात्र आता चूक आपल्याला ठाऊक झाली आहे. यापुढे गप्प बसल्यास आपण जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असे अधिकारी म्हणू शकतो, आणि मग दंड २०० टक्क्यांचा. घरातल्या दोन भागीदारांत या विषयावर मतभेद झाले असतील, तर तेही पुढे पुराव्यात येऊ शकतात, एवढे बंधूंना सांगून ठेवावे.

सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. १९६१ च्या कायद्यातील कलम १३९(८अ) खाली अद्ययावत रिटर्न हा मार्ग उरतो, कारण आपले उत्पन्न वाढणार आहे. कर कमी करण्यासाठी तो वापरता येत नाही. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरल्यास कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर द्यावा लागेल, त्यानंतर तो ५० टक्के होतो. असे रिटर्न एका वर्षासाठी एकदाच भरता येते, शिवाय त्या वर्षाची छाननी सुरू झाली असेल तर भरताच येत नाही. म्हणून आकडा ऑडिटरकडून पक्का करून मगच पुढे जा.

यासोबत २०२५-२६ ची आरंभीची शिल्लकही ३,६०,००० रुपयांनी वाढवून धरायला विसरू नका. नाहीतर त्याच नफ्यावर दुसऱ्यांदा कर भराल. लोक नेमके हेच विसरतात. २०२४-२५ ची व्हाउचर उघडून बदलू नका. तो ताळेबंद ऑडिटरच्या सहीचा आहे. दुरुस्तीची नोंद चालू वर्षात, कारण लिहून, वेगळी करा.

जीएसटी विक्रीच्या किमतीवर असल्याने या चुकीने त्यात काही बदलत नाही. परतीची क्रेडिट नोट वेळेत काढली असली की पुरे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे भरपाई मागण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचा, कारण त्यांत बहुधा जबाबदारीची मर्यादा घातलेली असते. तरीही त्याला आजच लेखी पत्र द्या, आणि त्याने चूक मान्य करणारे उत्तर दिले तर ते जपून ठेवा. आपल्या प्रामाणिकपणाचा तोच सर्वांत भक्कम कागद ठरेल.