एसबार लिहिताना मागणी स्पष्ट कर

एसबार म्हणजे रुग्णाची तब्येत बिघडली की डॉक्टरांना कळवायची चार भागांची पद्धत: परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. परिस्थितीत रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांकानंतर लगेच काय बिघडलंय ते लिही: ‘आतड्याच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, बीपी ९४/५६, श्वास मिनिटाला २८.’ पार्श्वभूमीत आत्ताच्या बिघाडाशी संबंध असलेलंच ये‍ऊ दे. जुनं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे कोणाला हवंय? मूल्यमापनात चार तासांपूर्वीचे आकडेही दे. श्वास १६ होता, बीपी १३०/७८, हे वाचलं की घसरण दिसते. निदान ठाऊक नसेल तर ‘सेप्सिसची शंका, खात्री नाही’ चालतं.

नवखे अडखळतात ते शिफारशीत. ‘कृपया लक्ष ठेवावे’ म्हणजे काहीच न मागणं. ‘१५ मिनिटांत येऊन बघा, तोवर लॅक्टेट आणि ब्लड कल्चर पाठवू का?’ असं फोनवर विचार, मिळालेली सूचना परत वाचून दाखव आणि वेळेसह नोंदव.