रीमास्टर अल्बम जास्त जोरात का वाजतात?

प्रश्न: जुन्या रॉक अल्बमची रीमास्टर सीडी एवढी मोठ्याने का वाजते, आणि लोक त्यावरून भांडतात का?

सीडीवर आवाजाची वरची हद्द ठरलेली असते, मग इंजिनिअर लिमिटर लावून ड्रमचे उंच फटके दाबतो आणि बाकी सगळं वर उचलतो, म्हणून व्हॉल्यूम तेवढाच ठेवूनही गाणं अंगावर येतं. द स्टूजेस या रॉक बँडचा १९७३ चा अल्बम 'रॉ पॉवर' घ्या, १९९७ ला बँडचा गायक इगी पॉपने स्वतः तो परत मिक्स केला (म्हणजे नुसता रीमास्टर नाही) आणि इतका लाऊड केला की आवाज चक्क फाटतो. काहींना तोच राडा आवडतो, काही म्हणतात ठोक्यातला जीवच गेला. २०१० ला १९७३ चा जुना मिक्स, जो गायक डेव्हिड बोवीने केला होता, तो पुन्हा काढला. भांडायच्या आधी नव्याचा व्हॉल्यूम कमी करून दोन्ही सारखे करून ऐका, कारण कानाला मोठं ते आधी चांगलंच वाटतं.