करार जसाच्या तसा, पण प्रश्न आधी

प्रश्न : वकीलसाहेब, मी रशियन भाषेची अनुवादक आहे. रशियातल्या एका कारखान्यात जाणाऱ्या १८ वेल्डरांचं ऑफर लेटर आणि इंग्रजी करारनामा रशियनमध्ये करायचं काम एका भरती एजन्सीनं दिलंय. पगार ‘८०,००० रुबल दरमहा’ एवढंच लिहिलंय. प्रोबेशन ६ महिने, कंपनीला वाटलं तर आणखी वाढेल. नोकरी सोडायची तर ६० दिवसांची नोटीस, नाहीतर दोन महिन्यांचा पगार भरायचा. माझ्या जुन्या शिक्षिका म्हणतात, यातलं बरंचसं तिथं चालत नाही. एजन्सी म्हणते, ‘जसंच्या तसं करा, कायदा आम्ही बघू.’ मी रशियन मजकुरात कायद्याप्रमाणे दुरुस्ती करून देऊ का? उद्या काही झालं तर माझ्यावर येईल का?

उत्तर : दुरुस्ती करून देऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्यातून त्या माणसांचं नुकसान होऊ शकतं. असं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. दोन रकान्यांचा करार, डावीकडे रशियन, उजवीकडे इंग्रजी. इंग्रजीत प्रोबेशन सहा महिने आणि रशियनमध्ये तीन. अनुवादकानं कायदा माहीत असल्यानं परस्पर ‘बरोबर’ करून टाकलं होतं. कामगार वाचणार इंग्रजी. चौथ्या महिन्यात साहेबानं बोलावून सांगितलं, ‘तू अजून प्रोबेशनवर आहेस, स्वतःहून राजीनामा दे, नाहीतर शेरा लागेल.’ त्यानं मुकाट्यानं सही केली. खरं तर त्याचं प्रोबेशन तिसऱ्या महिन्याअखेरीसच संपलेलं होतं, आणि तसं त्याच्याच खिशातल्या कागदावर लिहिलेलंही होतं. फक्त त्याला वाचता न येणाऱ्या बाजूला.

म्हणून अनुवाद जसाच्या तसा करा, पण त्याआधी मूळ मजकुरावरचे प्रश्न एजन्सीला लेखी पाठवा. दुरुस्ती व्हायची तर ती इंग्रजीत आणि रशियनमध्ये एकाच वेळी व्हायला हवी, आणि ती मालकानं करायला हवी. रशियात काम करणाऱ्या परदेशी माणसालाही तिथलाच कामगार कायदा लागू होतो. रशियन कामगार संहितेच्या ९व्या कलमानुसार, कायद्यानं दिलेल्यापेक्षा कामगाराची स्थिती वाईट करणारी अट करारात असली तरी ती लागू होत नाही. करार रद्द होत नाही, ती अट गळून पडते. मात्र ती कागदावर दिसत राहते, आणि माणूस कागदाला घाबरतो.

सगळ्यात जास्त घोळ पगारात आहे. ‘८०,००० रुबल’ याचं रशियन करताना तुम्हाला शब्द निवडावाच लागेल. ‘अक्लाद’ म्हणजे ठरलेला मूळ पगार. ‘झाराबोतनाया प्लाता’ म्हणजे मूळ पगार, भत्ते आणि बोनस मिळून होणारी एकूण रक्कम. तुम्ही ‘अक्लाद ८०,०००’ लिहिलंत तर तेवढे पक्के, आणि जादा काम किंवा रात्रपाळीचे वरचे वेगळे. दुसरा शब्द वापरलात तर मालक उद्या म्हणू शकतो की अक्लाद ३५,००० आहे आणि उरलेला बोनस. काम आवडलं तर देऊ. एका शब्दात ४५,००० रुबलांचा फरक पडतो, आणि तो निर्णय अनुवादकाचा नाही. ५७व्या कलमानुसार करारात मूळ पगार आणि त्यावरचे भत्ते लिहिलेच पाहिजेत, त्यामुळे ‘विभागणी कशी?’ हे विचारायला तुम्हाला कायद्याचाच आधार आहे.

दुसरा प्रश्न कराचा. हा आकडा कर कापण्यापूर्वीचा की हातात पडणारा? रशियात बोलताना ‘ना रुकी’, म्हणजे हातावर, असं म्हणतात, पण करारात साधारणपणे कर कापण्यापूर्वीची रक्कम असते. सलग १२ महिन्यांत १८३ दिवस रशियात भरेपर्यंत परदेशी माणूस करासाठी अनिवासी धरला जातो, आणि त्याच्या पगारावर ३० टक्के कर कापतात. निवासी झाल्यावर या पगाराला १३ टक्के. म्हणजे ८०,००० मधून सुरुवातीला २४,००० जातात आणि हातात ५६,००० येतात. पुढे १०,४०० जातात आणि ६९,६०० मिळतात. उच्च कौशल्याच्या खास परवान्यावर गेलेल्यांना सुरुवातीपासूनच कमी दर लागतो, पण त्यासाठीची पगाराची अट फार वरची आहे. ८०,००० वर जाणाऱ्या वेल्डराचा तिथं संबंध नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, तो एजन्सीवाले सहसा सांगत नाहीत. कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. समजा तुमची माणसं १ सप्टेंबरला पोहोचली. ३१ डिसेंबरपर्यंत १८३ दिवस होत नाहीत, म्हणून त्या चार महिन्यांचा कर ३० टक्केच राहतो. ६९,६०० च्या हिशोबानं २,७८,४०० रुबल आले असते, प्रत्यक्षात २,२४,००० येतात. माणशी ५४,४०० चा फरक, आणि तो परत मिळत नाही. पुढच्या वर्षी मात्र माणूस निवासी ठरला की त्या वर्षाच्या जानेवारीपासूनचा कर १३ टक्क्यांनी पुन्हा मोजला जातो. घरी कर्ज काढून निघालेल्या माणसाला हा हिशोब निघण्यापूर्वी कळायला हवा. म्हणून रकमेपुढे ‘कर कापण्यापूर्वी’ किंवा ‘कर कापून’ यापैकी एक शब्द इंग्रजीतच घालून मागा.

‘दरमहा’ या शब्दाचंही तेच. तिथं पगार निदान दर पंधरवड्याला द्यावा लागतो आणि त्याच्या तारखा ठरवून द्याव्या लागतात. हे माहीत नसेल तर पहिल्या हप्त्याची रक्कम बघून माणूस हबकतो.

प्रोबेशनचं उत्तर सरळ आहे. ७०व्या कलमानुसार साध्या कामगाराला जास्तीत जास्त तीन महिने. सहा महिन्यांची मुभा कंपनीचे प्रमुख, त्यांचे उपप्रमुख, मुख्य लेखापाल अशा मोजक्या पदांना आहे. वेल्डर त्यात बसत नाही. करारच दोन ते सहा महिन्यांचा असेल तर प्रोबेशन दोन आठवड्यांहून जास्त नाही, म्हणून करार किती काळाचा आहे तेही विचारा. मालकाच्या मर्जीनं मुदत वाढवता येत नाही. आजारपणासारखी प्रत्यक्ष गैरहजेरी तेवढी त्यातून वगळली जाते. प्रोबेशन करारातच लिहिलेलं असावं लागतं. फक्त ऑफर लेटरमध्ये असेल आणि करारात नसेल, तर माणूस प्रोबेशनशिवाय लागला असं धरतात. आणि आपल्याकडच्या कन्फर्मेशन लेटरसारखी भानगड तिथं नाही. मुदत संपली आणि माणूस कामावर आहे, म्हणजे तो पास झाला. त्याआधी काढायचं असेल तर निदान तीन दिवस आधी, कारणं लिहून, लेखी कळवावं लागतं.

शब्दाची एक काळजी घ्या. प्रोबेशनला ‘इस्पितानिये’ किंवा ‘इस्पितातेल्नी स्रोक’ म्हणा. काही अनुवादांत मी ‘स्ताझिरोव्का’ पाहिलंय. तो शब्द शिकाऊपणाचा आहे. तो वाचून मालक ‘शिकतोय तोवर पगार कमी’ म्हणायला मोकळा होतो. प्रोबेशनवर असला तरी माणसाला कामगार कायदा पूर्ण लागू असतो.

आता नोटीस. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्या कामगाराला ८०व्या कलमानुसार दोन आठवडे आधी लेखी कळवायचं असतं. मालकाला अर्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मोजतात. प्रोबेशनमध्ये असेल तर तीनच दिवस. करारात ६० लिहून हे वाढवता येत नाही. सोडल्याबद्दल दोन महिन्यांचा पगार भरायची अटही तिथं टिकत नाही, कारण पगारातून काय कापता येतं याची कायद्यात ठरावीक यादी आहे आणि हा दंड त्यात नाही. कंपनीनं प्रशिक्षणाला खर्च केला असेल आणि तसा वेगळा करार असेल, तर राहिलेल्या मुदतीच्या प्रमाणात तो मागता येतो. त्याची सरमिसळ नोटिशीशी करू नका. गंमत नाही, पण दोन महिन्यांची पूर्वसूचना रशियन कायद्यात खरोखर आहे. ती मालकानं कामगारकपातीच्या वेळी द्यायची असते. म्हणून ‘कोणत्याही पक्षानं ६० दिवसांची नोटीस’ या वाक्याचं शब्दशः रशियन केलंत तर ते दोन्ही बाजूंनी चुकीचं ठरतं. मालकाला तर नुसत्या नोटिशीवर काढताच येत नाही, त्याला कायद्यातलं कारण लागतं.

मात्र नोकरी सोडणं हक्काचं असलं तरी कामाचा परवाना त्या मालकाशी बांधलेला असतो, आणि करार संपल्याचं मालक तीन कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवतो. तेव्हा राजीनाम्यापूर्वी परत येण्याची सोय हवी. एजन्सीनं भारतात वेगळा बाँड घेतला असेल तर त्यावर आपला करार कायदा लागू होतो. ७४व्या कलमानुसार दंडाची रक्कम कितीही लिहिली तरी न्यायालय वाजवी भरपाईपुरतंच बघतं.

तुमच्या जबाबदारीबद्दल. अनुवाद अचूक आहे की नाही, एवढ्याला तुम्ही बांधील आहात. अटी कायदेशीर आहेत का, याला नाही. म्हणून प्रमाणपत्रावर ‘मला दिलेल्या इंग्रजी मजकुराचा हा अचूक अनुवाद आहे’ इतकंच लिहा. ‘रशियन कायद्यानुसार’ हे शब्द कुणी घालायला सांगितले तर नाही म्हणा. धोका कुठं आहे? एजन्सीच्या सांगण्यावरून तुम्ही जाणूनबुजून दोन रकान्यांत वेगवेगळं लिहिलंत आणि त्यावर माणसं फसली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखालच्या फसवणुकीत मदत केल्याचा प्रश्न तुमच्यापर्यंत येऊ शकतो. एजन्सीची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या १०व्या कलमानुसार नोंदणीशिवाय परदेशी भरती करता येत नाही. आणि सहीसाठी रशियन कागद आले तर सगळ्यात आधी शीर्षक वाचा. ‘त्रुदवोय दगवोर’ म्हणजे नोकरीचा करार. लष्करी सेवेचा उल्लेख असेल तर काम थांबवा आणि त्या १८ जणांना कळवा. नोकरीच्या आशेनं गेलेल्या भारतीयांनी न वाचता अशा कागदांवर सह्या केल्या आहेत.

एजन्सीला आजच ईमेल करा, फोनवर नको. मजकूर असा चालेल : ‘अनुवाद सुरू करण्यापूर्वी खालील बाबी मालकाकडून लेखी स्पष्ट करून हव्यात. ८०,००० रुबल ही रक्कम मूळ पगार आहे की बोनससह, आणि कर कापण्यापूर्वीची की नंतरची. करार किती काळाचा. प्रोबेशन सहा महिने आणि नोटीस ६० दिवस या अटी रशियन कामगार संहितेच्या ७० आणि ८० या कलमांशी जुळत नाहीत. इंग्रजी मजकूर बदलणार का. दोन भाषांत फरक पडल्यास कोणता मजकूर ग्राह्य.’ उत्तर न आलं तर अनुवाद शब्दशः द्या आणि प्रत्येक ठिकाणी ‘अनुवादकाची टीप’ म्हणून हेच मुद्दे दोन्ही रकान्यांत लिहा. टिपा काढा म्हणाले तर तुमची सही असलेली प्रत देऊ नका.