जुना पीएस४ देण्यापूर्वी

"घरात जुना पीएस४ आणि त्याचे दोन कंट्रोलर पडून आहेत. एक कंट्रोलर बिघडला आहे. कचऱ्यात टाकायची इच्छा नाही. कोणाला आणि कसे द्यावेत?"

आधी कन्सोल टीव्हीला जोडून तासभर चालवून पाहा, कारण नुसता दिवा लागला म्हणजे यंत्र चालते असे नाही. माझा पीएस४ सुरू तर झाला, पण पंधरा मिनिटांत त्याचा पंखा घरघरू लागला. आतली धूळ काढल्यावरच तो देण्याजोगा झाला. डिस्क नीट वाचली जाते का, हेही तपासावे. मी तो एका बालगृहाला दिला आणि तिथे इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे सोबत खेळांच्या दोन डिस्क व दोन्ही केबल दिल्या, नाहीतर ते खोके कपाटातच राहिले असते.

चालू कन्सोल देताना त्यातले आपले खाते काढणे सर्वांत महत्त्वाचे असते. Settings > Account Management > Activate as Your Primary PS4 येथे जाऊन Deactivate निवडावे आणि मग Settings > Initialization > Initialize PS4 मध्ये Full हा पर्याय घ्यावा. याला काही तास लागतात, म्हणून मी रात्री लावून ठेवले होते. हार्ड डिस्क काढून घेऊन कन्सोल देऊ नये. नवी डिस्क बसवून तिच्यावर यूएसबीवरून सिस्टिम सॉफ्टवेअर चढवण्याचा खटाटोप घेणाऱ्यावर पडतो. कन्सोल पूर्ण बंद पडला असेल, तर मात्र डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी.

बिघडलेल्या कंट्रोलरची खरी अडचण त्यातली लिथियम-आयन बॅटरी आहे. वरच्या-खालच्या कवचांमधली फट रुंदावलेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि तो चार्ज करू नये, दाबूही नये. बॅटरी फुगलेली नसेल, तर मागचे चार स्क्रू काढून तिची जोडणी हलकेच सोडवता येते. मग जोडणीच्या टोकावर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्यावी. फुगलेली असल्यास आपण उघडण्याच्या फंदात पडू नये, कंट्रोलर तसाच धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्याला आधी सांगावे. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची काठी न हलवताही खेळात हालचाल होते, एवढीच तक्रार असेल, तर दुरुस्तीवाल्याला विचारा. ते लोक बटणे, कवच आणि चार्जिंगचे पोर्ट सुट्या भागांसाठी आनंदाने घेतात.

उरलेले सारे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमही आहेत आणि या व्यावसायिकांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. पुण्यात असाल, तर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे चौकशी करता येईल. कोणालाही दिले, तरी नोंदणी क्रमांक विचारा आणि वस्तूंची नावे लिहिलेली पावती घ्या. "पावती कशाला, आम्ही बघतो" म्हणणाऱ्या एका माणसाला मी कंट्रोलर दिला नाही, कारण असा माल बहुधा तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांच्या हाती पडतो.